घरातल्या सर्वांनी मिळून कोणता चित्रपट पाहावा?

विनोदी चित्रपट म्हटला की तो सगळ्या घराला चालतो, असा आपल्याकडे एक समज आहे. मला तो मान्य नाही. आपल्या कुंभारीतच पाहा. २००६ साली येथे विडी कामगार भगिनींसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. तेथील कित्येक घरांत आजी तेलुगूत विचार करते, नातू मराठी शाळेत जातो आणि मधली पिढी दोन्हींची सांगड घालते. अशा घरात रविवारी संध्याकाळी चित्रपट लावायचा तर 'अश्लील नाही ना?' एवढेच विचारून भागत नाही. हसू कशातून येते, हेही पाहावे लागते.

हृषीकेश मुखर्जींचेच दोन चित्रपट घ्या. 'चुपके चुपके' (१९७५) अत्यंत सोज्वळ. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक ड्रायव्हर बनून येतो आणि अतिशुद्ध हिंदी बोलून ओमप्रकाशला हैराण करतो. आमच्या हिंदीच्या प्राध्यापकांना तो प्राणप्रिय असणार! पण गंमत शब्दांत आहे. आजीला ती कळत नाही, सात वर्षांच्या मुलालाही नाही. दोघे भांडत नाहीत. आजी पानाची टोपली घेऊन हळूच ओट्यावर जाऊन बसते, मूल झोपी जाते. 'गोलमाल' (१९७९) मध्ये मात्र गुपित ओठांवर आहे. मिशी असली तर रामप्रसाद, नसली तर लक्ष्मणप्रसाद. उत्पल दत्तला ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक आहे. मिशी सुटू लागली की भाषा लागत नाही.

'अशी ही बनवाबनवी'चे (१९८८) यश मला येथेच दिसते. भाड्याच्या खोलीसाठी दोन मित्र लुगडे नेसून बायका होतात. पदर सावरण्याची त्यांची धांदल नातवालाही कळते आणि आजीलाही. याच कथेवर १९९१ साली 'चित्रम् भळारे विचित्रम्' हा तेलुगू चित्रपट निघाला. काही आज्यांनी तो पाहिलेला असेल, मग त्याच पुढचे सांगू लागतील. पार्वतीच्या डोहाळजेवणापाशी लहानग्यांचे प्रश्न येणार, हे धरून चालावे. उत्तर आजीकडे सोपवावे. ती आईबापांपेक्षा सहज देते.

'झपाटलेला' (१९९३) मात्र मी लहान मुलांपुढे लावणार नाही. लक्ष्मीकांत बेर्डे कितीही हसवो, रात्री अंथरुणात मुलाला आठवतो तो तात्या विंचूच.

तेव्हा आधी एकट्याने मधला कुठलाही दहा मिनिटांचा भाग आवाज बंद करून पाहावा. तरीही हसू आले तर चित्रपट घरात लावावा. विडी वळणारीचे हात आणि डोळे कामात असतात, हे विसरू नये. ती मान वर करते ती नातू खिदळला की. गाणी लागली की तिची पाने कातरून होतात, म्हणून ती पुढे पळवू नयेत. आणि मध्यंतराला मुले पेंगू लागली तर तेथेच थांबावे. उरलेला अर्धा भाग सोमवारी पाहता येतो.