नागिणीची बीन आणि नावाचा प्रश्न

वर्ध्याच्या एका महाविद्यालयात चित्रपट-आस्वादाचे काही तास मी घेत असे. त्या वर्गातील एका विद्यार्थ्याने ‘नागिन’ (१९५४) या चित्रपटावरील टिपणात लिहिले होते की, त्यातील गूढ, अंगावर काटा आणणारी धून ‘थेरेमिन’ या विद्युत्-वाद्यावर वाजवली आहे. मी लाल शाईने ‘थेरेमिन’ खोडले आणि समासात ‘बीन’ असे लिहिले. पुढे कळले की आम्ही दोघेही चुकलो होतो. माझी चूक अधिक गंभीर होती, असे आज मला वाटते. त्याने निदान ऐकले होते. मी केवळ पडदा पाहिला होता.

हेमंतकुमारांनी संगीत दिलेल्या या चित्रपटातील ती धून क्लॅव्हिओलिनवर वाजवली आहे, आणि तिला हार्मोनियमची जोड आहे. क्लॅव्हिओलिन वाजवणारे कल्याणजी आणि हार्मोनियम वाजवणारे रवी. दोघेही तेव्हा हेमंतकुमारांचे साहाय्यक होते आणि पुढे स्वतः संगीतकार म्हणून नावारूपाला आले. क्लॅव्हिओलिन हे फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७च्या सुमारास घडवलेले, निर्वात नलिकांवर चालणारे छोटे वाद्य. त्याला पट्ट्या असतात, एका वेळी एकच स्वर निघतो, बटणांनी नादाचा पोत बदलतो आणि आवाजाचा चढउतार गुडघ्याने दाबायच्या दांडीने होतो.

हे कानाने ओळखता आले असते का? काही अंशी निश्चितच. थेरेमिनला पट्टी नाही, तार नाही. वादक हात हवेत हलवतो. एक हात स्वराची उंची ठरवतो, दुसरा आवाजाची तीव्रता. त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सारी वाट ऐकू येते. ती झाकायची तर दुसऱ्या हाताने आवाज क्षणभर दाबावा लागतो. ‘नागिन’मधील स्वर तसे घसरत नाहीत. ते पायऱ्या उतरावेत तसे एकेक, सुटे येतात. एवढ्याने थेरेमिन बाद होते. व्होकोडरचा तर प्रश्नच येत नाही: तो मानवी उच्चाराचा आकार दुसऱ्या नादावर चढवतो, आणि येथे त्या नादात स्वर-व्यंजनांची चाहूलही नाही.

परंतु पायऱ्या बीनलाही असतात, कारण तिला बोटांची छिद्रे आहेत. तेथे दुसरी खूण शोधावी लागते. गारुड्याची बीन श्वासावर चालते. गालात हवा साठवून तो नाद अखंड ठेवतो. एका नळीवर धून, दुसरीवर आधारस्वर, आणि दोन्हींना एकच फुंकर. म्हणून श्वासाचा ताण बदलला की दोन्ही नाद एकत्र थरथरतात. यंत्राचा कंप मात्र ठरलेल्या गतीने, मोजून दिल्यासारखा येतो. शिवाय येथे धून एका वाद्याची आणि आधार दुसऱ्याचा, त्यामुळे दोहोंचे डोलणे एक नाही.

येथवर कान नेतो, पुढे नाही. त्याच काळात याच जातीची, याच पद्धतीने नाद निर्माण करणारी इतरही वाद्ये निघाली होती. ‘पट्टीचे, एकस्वरी विद्युत्-वाद्य’ एवढे कान सांगतो. ‘क्लॅव्हिओलिन’ हे नाव मात्र साक्षीतून येते. साहित्याच्या अभ्यासकांना हे नवे नाही. शैलीवरून अभंगाचा संप्रदाय आणि काळ सांगता येतो. कर्ता सांगायचा तर पोथीची साक्ष लागते, आणि नाममुद्राही कधी कधी प्रक्षिप्त निघते. ‘फॉरबिडन प्लॅनेट’ (१९५६) या चित्रपटातील ध्वनी अनेकजण आजही थेरेमिनचे समजतात. वस्तुतः ते लुई व बेबी बॅरन या दांपत्याने स्वतः जुळवलेल्या विद्युत्-मंडलांतून काढले होते. ‘गूढ’ हा आपल्यावर झालेला परिणाम आहे, वाद्याचा गुण नव्हे. परिणामावरून कारणाचे नाव ठेवले की समीक्षा तेथेच थांबते.

आमच्याकडे वरातीत धुमाल पार्टी हीच धून वाजवते आणि रुमालाचा फणा करून मुले रस्त्यावर लोळतात. तेथे ती बहुधा इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवरच वाजते, आणि ऐकणारे सारे तिला बीनच म्हणतात. त्यांचे काही चुकत नाही. त्यांना नाचायचे असते. टिपण लिहिणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला मात्र ही सवलत नाही. ‘बीन’ म्हणताना मी एका वादकाचे काम सापाच्या प्रतिमेच्या नावावर जमा केले होते.

तो विद्यार्थी पुन्हा भेटला नाही. टिपण आता हाती असते, तर ‘थेरेमिन’ खोडण्याऐवजी मी समासात विचारले असते: स्वर घसरतो आहे की पायरी उतरतो आहे?