शर्ट आधी उजेडात धरा!

प्लेसमेंटचा सीझन जवळ आला की आपल्या हॉस्टेलवर पांढऱ्या शर्टांची खरेदी सुरू होते. आणि दुकानात आपले भावी इंजिनिअर काय करतात? दोन बोटांत कापड चोळतात, 'मस्त जाड आहे रे' म्हणतात आणि पैसे मोजतात. माझं स्पष्ट मत आहे की नव्या कोऱ्या कापडाच्या बाबतीत हाताइतका खोटारडा साक्षीदार नाही. विरळ विणीच्या कापडाला भरपूर खळ चढवली की ते कडक आणि भरीव लागतं. दोन-चार धुण्यांत खळ बादलीत जाते आणि हातात मच्छरदाणी उरते!

परवा रूममेटबरोबर गेलो होतो. त्याने दोन शर्ट निवडले, एक कडक, एक मऊ. त्याचा जीव अर्थातच कडकवर. मी दोन्ही दुकानाच्या दारापाशी नेले आणि पाठीचा एकच पदर उजेडासमोर धरला. मऊ शर्टातूनही उजेड येत होता, पण सगळीकडे सारखा. कडक शर्टात मात्र कुठे दाट, कुठे विरळ असे पट्टे दिसले. इथेच लोक फसतात. बारीक सुताचं चांगलं कापडही पातळ असतं, त्यामुळे उजेड किती येतो यापेक्षा तो सारखा येतो का, हे पाहायचं.

मग ताण. कापड दोन्ही हातांत चार बोटांच्या अंतराने धरून आडवं ओढायचं आणि सोडायचं. तिरकं ओढू नका, तसं कुठलंही विणलेलं कापड ताणलं जातं. कडक शर्टात सोडल्यावरही धागे सरकलेलेच राहिले, मध्ये फट दिसत होती. मऊ शर्ट लगेच पूर्ववत. (लायक्रा असेल तर ताण जास्त घेणारच, पण तेही परत जागेवर आलं पाहिजे.)

शिवणीला मात्र सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण शर्ट बहुधा तिथेच दगा देतो. बगलेची शिवण दोन्ही बाजूंनी हलकेच ओढली तर कडक शर्टाचे टाके दातांसारखे उघडे पडले. इंचात जेमतेम आठ टाके होते, मऊमध्ये सोळा! नंतर शर्ट उलटा केला. काखेत, जिथे बाहीची आणि बगलेची शिवण भेटते, तिथे कडक शर्टात शिवणीपलीकडे कापड उरलंच नव्हतं, इंटरलॉक अगदी टाक्याला खेटून. असा शर्ट बाकावर वाकून लिहितानाच उसवतो आणि पुन्हा शिवायला दर्जीकाकांच्या हातीही काही लागत नाही.

यातून कापड आटेल का, हे कळत नाही. रंगाचंही तेच, त्यासाठी ओला रुमाल घासून पाहावा लागतो. आणि ओढताना जरा बेतानं. आमचे दुकानदार काका शेवटी म्हणालेच, "अहो, घ्यायचाय की फाडायचाय?" रूममेटने मऊ शर्ट घेतला.