सर्दी, झोप आणि लांबलेली काळजी

दवाखान्यात सर्दीचा पेशंट आला की कारण तो स्वतःच घेऊन येतो. पावसात भिजलो, रात्री दही खाल्लं, फ्रीजचं पाणी प्यायलो, पंख्याखाली झोपलो. महिन्या-दीड महिन्यात तिसऱ्यांदा आला तर पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "डॉक्टर, प्रतिकारशक्ती कमी झालीय, ताकदीचं काहीतरी द्या." करोनानंतर तर घरोघरी काढे आणि गोळ्यांचे डबे आले. मी आता दह्याबद्दल विचारत नाही. गेले पंधरा दिवस झोप कशी आहे आणि घरात कुठली काळजी महिनाभराहून जास्त रेंगाळली आहे, हे विचारतो. त्याला भक्कम कारण आहे.

इंग्लंडमध्ये सॅलिसबरी गावाजवळ दुसऱ्या महायुद्धातल्या एका अमेरिकन इस्पितळाच्या बराकी होत्या. तिथे 1946 साली केवळ सर्दीच्या अभ्यासासाठी एक केंद्र सुरू झालं. धडधाकट माणसं तिथे राहायला येत, डॉक्टर त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडत आणि पुढे काय होतं ते पाहत. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांनी या केंद्राचे प्रमुख डेव्हिड टायरेल यांच्यासोबत तिथे एक साधा प्रश्न तपासला. विषाणू सगळ्यांच्या नाकात सारखाच गेला, तरी आजारी काहीच जण का पडतात? थेंब देण्यापूर्वी प्रत्येकाकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या: गेल्या वर्षात काय काय घडलं, अंगावर पडलेलं आपल्याच्यानं निभेल असं वाटतं का, मन किती उदास असतं. मग 394 जणांना पाचांपैकी एका विषाणूचे थेंब दिले आणि 26 जणांना नुसतं मिठाचं पाणी. 1991 साली निष्कर्ष छापून आला. सर्वांत कमी ताण असलेल्यांपैकी सुमारे 27 टक्क्यांना सर्दी झाली, सर्वांत जास्त ताण असलेल्यांपैकी 47 टक्क्यांना. मधल्यांचे आकडे ताण वाढेल तसे पायरीपायरीने चढत गेलेले. सिगारेट, दारू, व्यायाम, आहार, झोप यांचा हिशेब वेगळा काढला तरी फरक उरलाच.

माझ्या मते कोहेन यांचं त्यानंतरचं काम जास्त महत्त्वाचं आहे, कारण ताण म्हणजे नेमका कुठला ताण, हे त्यात उलगडलं. 1998 च्या अभ्यासात त्यांनी प्रश्नावलीवर न थांबता 276 जणांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. परीक्षा, भांडण, ऑफिसातला एखादा वाईट आठवडा, असा महिन्याच्या आत संपलेला ताण कितीही मोठा असला तरी त्याचा सर्दीशी संबंध दिसला नाही. महिनाभर किंवा त्याहून जास्त टिकलेला ताण मात्र ठळकपणे दिसला. त्यातही दोनच गोष्टी सर्वांत पुढे होत्या: हाताला पुरेसं काम नसणं आणि घरातल्या किंवा जवळच्या माणसांशी सतत चाललेला बेबनाव. कंपनी बंद पडून सहा महिने घरी बसलेला माणूस आणि जमिनीच्या वाटणीवरून भावाशी बोलणं तुटलेला माणूस, हे दोघे माझ्याकडे पुन्हा पुन्हा सर्दी घेऊन का येतात, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

हे होतं कसं? इथे आपली नेहमीची समजूत थोडी दुरुस्त करावी लागते. नाक वाहणं, चोंदणं, घसा दुखणं हा बराचसा विषाणूचा पराक्रम नसतो. ते आपल्याच शरीराचं उत्तर असतं. विषाणू नाकाच्या आतल्या अस्तरात शिरला की तिथल्या पेशी दाह घडवणारी रसायनं सोडतात. रक्तवाहिन्या फुगतात, शेंबूड वाढतो. हा दाह गरजेपुरता व्हावा आणि मग आवरला जावा, यासाठी शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक असतं. ताणाखाली ते वाढतं. पण ताण महिनोन्‌महिने चालला की पांढऱ्या पेशी कॉर्टिसॉलला दाद देईनाशा होतात. मुकादम दिवसभर ओरडतच राहिला तर कामकरी त्याचं ऐकणं सोडून देतात, तसंच. मग छोट्याशा लागणीवरही दाह भडकतो आणि आवरत नाही. 2012 साली कोहेन यांच्या गटाने हेच दाखवलं: दीर्घ ताणातल्या माणसांच्या पेशी कॉर्टिसॉलला कमी दाद देतात, आणि ज्यांच्या कमी देतात त्यांना सर्दी जास्त होते. म्हणजे अशा माणसाचं शरीर नुसतं दुबळं पडलेलं नसतं, त्याचा लगाम सुटलेला असतो. ताकद वाढवणाऱ्या काढ्याचा इथे काय उपयोग, याचं समाधानकारक उत्तर मला सापडलेलं नाही.

आता झोप. कोहेन यांनी अमेरिकेत पिट्सबर्गला 153 निरोगी माणसांना रोज फोन करून चौदा दिवस विचारलं: काल किती वाजता पडलात, झोप लागायला किती वेळ गेला, मध्ये किती जाग आली. त्यानंतर नाकात विषाणूचे थेंब देऊन सगळ्यांना हॉटेलात वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं. सर्दी झाली की नाही हे त्यांच्या सांगण्यावर सोडलं नाही. नाक पुसलेले कागदी रुमाल बंद पिशव्यांत गोळा करून वजन केले आणि कोऱ्या रुमालांचं वजन वजा करून शेंबूड किती ग्रॅम, ते काढलं. नाकपुडीत रंगाचा थेंब सोडून तो घशाशी पोचायला किती मिनिटं लागतात, हेही मोजलं. नाक चोंदलं असेल तर तो रेंगाळतो. 2009 साली आकडे आले. सरासरी सात तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचं प्रमाण आठ तास झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. विषाणूची लागण बहुतेकांना झाली होती, पण आजारी पडले ते एक तृतीयांशाच्या आसपास. झोपेने फरक पडला तो या दुसऱ्या टप्प्यावर.

तासांपेक्षाही बोलका ठरला तो अंथरुणातल्या वेळाचा हिशेब. अंथरुणात घालवलेल्या वेळापैकी खरोखर झोपेत किती टक्के गेला? ज्यांचा 98 टक्के किंवा जास्त होता त्यांच्या तुलनेत 92 च्या खाली असणाऱ्यांना साडेपाचपट सर्दी झाली. आठ तासांतले आठ टक्के म्हणजे अवघी 38 मिनिटं. आणि सकाळी ताजंतवानं वाटतं का, या उत्तराचा सर्दीशी काहीच मेळ बसला नाही.

हे शेवटचं वाक्य मी पेशंटांना आवर्जून सांगतो. गेल्या पावसाळ्यात एक ताई आल्या, पन्नाशीच्या आतल्या, सासूबाई अंथरुणाला खिळून वर्ष होत आलेलं. आठवड्यापासून नाक वाहत होतं, त्याआधीची सर्दी जाऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. झोप कशी आहे विचारलं तर म्हणाल्या, "डॉक्टर, आता सवय झालीय. काही वाटत नाही त्याचं." मी केसपेपर उलटा करून मागे हिशेब मांडला.

"किती वाजता पडता?"

"साडेअकरा."

"आणि उठता?"

"पाचला. पाणी येतं ना तेव्हा."

झोप लागायला अर्धा तास, कारण डोक्यात दुसऱ्या दिवशीची जुळवाजुळव. रात्रीत दोनदा सासूबाईंना भांडं द्यायचं, कपडे बदलायचे. प्रत्येक वेळी पुन्हा डोळा लागेपर्यंत वीस मिनिटं. अंथरुणातली 330 मिनिटं, त्यातून 70 गेली, राहिली 260. म्हणजे चार तास वीस मिनिटं, 79 टक्के. ताई त्या आकड्याकडे बघत राहिल्या. सवय झाली होती ती जाणिवेला. नाकाच्या अस्तराला अशी सवय होत नाही. एरिक प्रॅथर आणि कोहेन यांनी 2015 साली 164 जणांच्या मनगटावर यंत्र बांधून झोप मोजली, तेव्हा सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट सर्दी झालेली दिसली.

या अभ्यासांची मर्यादाही सांगायला हवी. त्यांत विषाणू दिला होता, जागरण दिलं नव्हतं. कमी झोपणारी माणसं आधीपासूनच तशी होती. वय, ऋतू, शिक्षण, वजन, आधीची प्रतिपिंडं हे सगळं हिशेबात धरलं, तरी एखादं लपलेलं कारण राहू शकतं. जागरण मुद्दाम घडवून केलेला एक छोटा प्रयोग मात्र शिकागोत झाला. काही तरुणांना काही रात्री फक्त चारच तास झोपू देऊन फ्लूची लस दिली, तेव्हा दहा दिवसांनी त्यांची प्रतिपिंडं नेहमीसारख्या झोपलेल्यांच्या निम्म्याहून कमी भरली. तीन-चार आठवड्यांनी हा फरक उरला नाही. तरी फ्लूची लस घेणाऱ्यांना मी सांगतो की आधीचा आठवडा रात्रपाळीचा असेल तर लस पुढच्या आठवड्यात घ्या.

वारंवार वाहणारं प्रत्येक नाक ताणाच्या खात्यावर टाकणंही धोक्याचं आहे. रोज सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ, नाक-डोळ्यांना खाज आणि ताप नाही, तर ती बहुधा अ‍ॅलर्जी. खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर बेडक्याची तपासणी आधी, बाकी गप्पा नंतर. आणि जो माणूस आठ तास झोपतो, तरी मोठ्याने घोरतो आणि दुपारी खुर्चीत डुलक्या घेतो, त्याची झोप रात्रभर तुटत असते. त्याला झोपेच्या तपासणीला पाठवायला हवं.

ताईंना मी तापापुरती गोळी आणि वाफ सांगितली. अँटिबायोटिक दिलं नाही, विषाणूवर त्याचा उपयोग नसतो. पुढच्या वेळी यजमानांना आणि मोठ्या मुलाला घेऊन या म्हटलं. ते आले तेव्हा तोच केसपेपर त्यांच्यापुढे ठेवला. मुलगा कॉलेजात जाणारा, रात्री एकपर्यंत जागाच असायचा. साडेबाराचं भांडं त्याने घेतलं. पाचच्या पाण्याला यजमान उठायला लागले आणि ताई सहाला. सासूबाईंच्या खोलीतून एक रात्रीआड बाहेर झोपायचं ठरलं, त्या रात्री हाकेला यजमान. सासूबाईंचं आजारपण यातलं कशानेही टळणार नाही आणि त्याचा ताणही नाही. पण नव्या हिशेबाने साडेअकरा ते सहा ही 390 मिनिटं, त्यातून झोप लागायचा अर्धा तास वजा केला तर बाहेर झोपायच्या रात्री सहा तास मिळतात, आणि सासूबाईंच्या खोलीतल्या रात्री एकाच जागेची आणखी वीस मिनिटं गेली तरी पाच तास चाळीस मिनिटं. सर्दी त्यानेच कमी झाली का, हे एका माणसावरून सांगता येत नाही आणि मी तसं सांगतही नाही. रात्रीची पाळी वाटून घ्यायला कुणीच नाही अशी घरंही माझ्याकडे येतात. त्यांना दिवसा दोन-तीन तासांसाठी बाई ठेवणं परवडेल का, एवढंच मला विचारता येतं, आणि बऱ्याचदा परवडत नाही.