पहाटे चारचं वेळापत्रक भिंतीवरून काढा

एमपीएससी करणाऱ्या पोरांच्या खोलीत एकच तक्ता दिसतो: पहाटे 4 ला उठा, रोज 12 तास वाचा. मी म्हणतो, फाडा तो. आपल्याकडं शेतीची थ्री फेज एक आठवडा दिवसा 8 तास, तर पुढचा आठवडा रात्री 10 तास. रात्रभर दारं धरलेला पोरगा पहाटे काय वाचणार?

वेळापत्रकं दोन पाहिजेत. दिवसपाळीत पहाटे 5 ते 7 आणि रात्री 8 ते 11. रात्रपाळीत लाईट 10 ते 8 असेल, तर सकाळच्या धारा उरकून 9 ते 2 झोप, 3 ते साडेपाच नवा विषय, संध्याकाळच्या धारांनंतर 7 ते 9 उजळणी. साडेचार तास पुरे, पण झोप तोडायची नाही.

काहीजण सांगतात, वाफा भरेपर्यंत बांधावर वाचा. साफ चूक! नजर पुस्तकात गेली की पाणी वाफा फोडतं, आणि अंधारात विंचूकाट्याचं भान राहत नाही.

झोप पुरते का, हे सराव पेपर सांगतो. संयुक्त पूर्वला 100 प्रश्न, 60 मिनिटं. शेवटच्या 25 प्रश्नांत चुका वाढत असतील, तर आधी झोप वाढवा, पुस्तकं नंतर.

आणि बापांनो, सातही रात्री एकट्या पोरावर टाकू नका. एक रात्र तुम्ही, एक रात्र तो. एवढं जमत नसेल, तर निकालावरून त्याला बोलायचं नाही.