आधी सेव्ह, मग उत्तर

अपमान करणारा मेल आला की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. मोठी माणसं म्हणतात, "सोडून दे, अशांच्या नादी लागू नये." मित्र म्हणतात, "असा धुऊन काढ की परत तोंड वर करणार नाही." मला दोन्ही सल्ले घातक वाटतात, आणि एकाच कारणासाठी. हा मामला आपण आणि मेल पाठवणारा अशा दोघांतलाच आहे, असं दोन्ही धरून चालतात. पण तोंडी शिवी हवेत विरते, मेल उरतो. आज ना उद्या तो तिसरं कोणीतरी वाचतं: एचआर, तक्रार समिती, पोलीस ठाण्यातला अधिकारी. आपलं उत्तर असलंच तर ते या तिसऱ्या माणसासाठी असतं.

गेल्या वर्षी माझ्या टीममधल्या एका मुलीला क्लायंटकडच्या मॅनेजरचा मेल आला. रात्रीचे पावणेबारा, सीसीमध्ये नऊ जण. मेल इंग्रजीत होता, त्याचा मराठी मतितार्थ असा: "तुमच्यासारख्या बिनडोक मुलीला कामावर ठेवणाऱ्यांची कीव येते. आजचं रिलीज तुम्ही न सांगता पुढे ढकललंत. नवी तारीख कधी कळवणार, की तीही लग्न झाल्यावर?"

तिने रात्रीत चाळीस ओळींचं उत्तर लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, "आधी स्वतःचं इंग्रजी सुधारा." टाळी घेणारं वाक्य होतं, पण तेवढं एक गेलं असतं तर एचआरने "दोघांनीही संयम पाळावा" असं लिहून फाइल बंद केली असती. सुदैवाने मेल ड्राफ्टमध्येच होता.

सकाळी आम्ही एक साधी गोष्ट केली. त्याच्या मेलमधले सगळे अपमान खोडले आणि मागे काय उरतं ते पाहिलं. दोन गोष्टी उरल्या. "न सांगता" हा खोटा आरोप, तोही नऊ जणांसमोर. आणि तारखेचा प्रश्न, जो रास्त होता. म्हणजे उत्तर देणं भाग होतं, कारण गप्प बसलं तर आरोप खरा ठरणार होता. उत्तर गेलं ते एवढंच, त्याच नऊ जणांना:

"नमस्कार. रिलीज पुढे जात असल्याचं मी 14 तारखेच्या मेलमध्ये कळवलं होतं, तो मेल जोडला आहे. नवी तारीख 26, मंगळवार. आपल्या मेलमधली वैयक्तिक भाषा मला मान्य नाही. यापुढे कृपया कामाबद्दलच लिहावं."

आरोपाला पुरावा, प्रश्नाला तारीख आणि भाषेला हरकत. ही हरकत बरेच जण गाळतात, वाद वाढेल म्हणून. मला ती हवीच वाटते, पण एकदाच. ती नोंदवली नाही तर पुढे "अहो, चेष्टा होती, तिलाही चालायचं" असं म्हणायला वाट राहते. उत्तरात काय नव्हतं, तेही बघा. खुलासा नाही, माफी नाही, "कोर्टात खेचीन" नाही. कोर्टात जायचं नसेल तर ती धमकी पोकळ असते, आणि जायचं असेल तर आधी सांगून समोरच्याला सावध करण्यात काय शहाणपण?

दोन दिवसांनी त्याचा दुसरा मेल आला. यावेळी सीसीमध्ये कोणीच नव्हतं, आणि भाषा इथे लिहिण्याजोगी नाही. पुन्हा अपमान खोडले. काहीच उरलं नाही. म्हणून उत्तरही दिलं नाही. धमकीच्या मेलला आणि अनोळखी पत्त्यावरून आलेल्या घाणीलाही हाच नियम: उत्तर दिलं तर "पत्ता चालू आहे, माणूस चिडतो" एवढीच माहिती समोरच्याला मिळते. पण उत्तर न देणं म्हणजे मेल उडवणं नव्हे. "सोडून दे" म्हणणाऱ्यांची खरी चूक इथे आहे. ब्लॉक करणाऱ्यांचीही. जीमेलमध्ये ब्लॉक केलेल्याचे मेल स्पॅममध्ये जातात आणि 30 दिवसांनी आपोआप पुसले जातात. म्हणजे धमक्यांचा पुरावा आपणच कचरापेटीत घालतो. त्यापेक्षा फिल्टर लावावा: इनबॉक्समध्ये येऊ नये, स्पॅममध्ये जाऊ नये, एका लेबलखाली गप पडून राहावं.

आता माझा खरा राग ज्याच्यावर आहे तो स्क्रीनशॉट. आपल्या पिढीची स्क्रीनशॉटवर देवासारखी श्रद्धा आहे. ब्राउझरमध्ये कुठल्याही मेलचा मजकूर दोन मिनिटांत बदलून त्याचा स्क्रीनशॉट काढता येतो, हे आमच्या धंद्यातल्या पोरासोरांनाही माहीत आहे. आणि झालंही तसंच. चौकशीत तो मॅनेजर म्हणाला, दुसरा मेल मी पाठवलाच नाही, हे चित्र बनवलेलं आहे. नेहमीचा फॉरवर्डही कामाचा नसतो, कारण त्यात मजकूर बदलता येतो आणि मूळ हेडर गळतात.

तिच्याकडे मूळ मेल होता, म्हणून ती वाचली. लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये जीमेल उघडायचं, मेलच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांतून `Show original` आणि मग `Download original`. फोनच्या ॲपमध्ये हे शोधत बसू नका. जी `.eml` फाइल उतरते तिच्यात मेल कुठून कुठे गेला याची नोंद असते, आणि बहुतेक वेळा पाठवणाऱ्या सर्व्हरची `DKIM` सहीसुद्धा. मजकुरातला एक शब्द बदलला तरी ती सही जुळत नाही. तिच्या फाइलमध्ये `dkim=pass` होतं. म्हणजे मेल त्याच्याच कंपनीच्या सर्व्हरवरून निघाला होता. अर्थात कीबोर्डवर बोटं कोणाची होती, हे सही सांगत नाही. ते त्या कंपनीच्या लॉगिन नोंदींवरून ठरलं. अशा नोंदी कोणी कायम ठेवत नाही, म्हणून तक्रार लवकर करायची.

फाइल उतरली की तिचा हॅश काढून ठेवावा:

```
sha256sum mail2.eml
```

विंडोजवर:

```
certutil -hashfile mail2.eml SHA256
```

हा आकडा म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा. हे अभियंत्याचं खूळ नव्हे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याच्या नमुन्यात हॅशसाठी जागाच आहे. आणि मेलमधल्या शब्दांना वजन नसतं असंही समजू नये. स्त्रीच्या शीलाचा अपमान करणाऱ्या शब्दांत मेलमधले लिखित शब्दही येतात, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये म्हटलं आहे. अशी तक्रार ऑफिसच्या अंतर्गत समितीकडे न्यायची तर मुदत साधारणपणे तीन महिन्यांची असते.

एक पथ्य मात्र आहे. ऑफिसचे मेल स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवू नका. गोपनीयतेचा नियम मोडला म्हणून तक्रार करणाराच आरोपी होतो. `.eml` फाइल जोडून ऑफिसच्याच मेलवरून एचआरला किंवा समितीला पाठवा. नोकरी सोडली तर तुमचं खातं बंद होईल, पण त्यांच्याकडे गेलेल्या तक्रारीची तारीख बदलणार नाही.

त्या मॅनेजरला आमच्या प्रोजेक्टवरून काढलं. त्याने माफी मागितली नाही, तिनेही ती मागितली नव्हती. रिलीज 26 ला गेलं.