‘मजेचं’ म्हणजे काय?

“मास्तर, ऐकायला काहीतरी मजेचं सांगा,” परवा सुरसागरावर फिरताना एक वयस्क गृहस्थ म्हणाले. पूर्वी अशा वेळी मी स्वतःच्या आवडीचा टप्पा पुढे करीत असे आणि ऐकणारा दुसऱ्या दिवशी नजर चुकवीत असे. दोष त्याचा नव्हता. मी काही विचारीतच नव्हतो.

‘कोणता राग आवडतो?’ हे मात्र विचारू नये, माणूस बुजतो. मी तीनच प्रश्न विचारतो. पहिला : शेवटचे काय ऐकताना वेळेचे भान राहिले नाही, आणि ओढले ते शब्दांनी, गळ्याने की लयीने? गृहस्थ म्हणाले, “लग्नातलं एक नाट्यपद. शब्द आठवत नाहीत, पण हात मांडीवर ठेका धरत होता.” म्हणजे लय. दुसरा : मध्येच उठलात ते कशाला कंटाळून? “लांबलेल्या आलापीला.” विलंबित ख्याल गळाला. तिसरा : वेळ किती आणि सोबत कोण? जेवणानंतर दहा मिनिटे, शेजारी नातू.

मग मी द्रुत त्रितालातला तराणा सुचविला. त्यात अर्थाचे शब्द जवळजवळ नसतात, तेव्हा नातवाचेही अडणार नाही. शब्दांनी ओढले असते तर नाट्यपदच दिले असते. गळ्याने, तर ठुमरी.

अंदाज बरोबर की चूक, हे सोळा मात्रांची चार-सहा आवर्तने होताच कळते. हात हलला नाही, तर चीज बदलावी. ऐकणाऱ्याला अरसिक म्हणू नये.