महावीरांचं वचन फळ्यावर लिहिताना खाली काय लिहाल?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, महावीर जयंतीच्या आदल्या दिवशी आपण फळा सजवतो, वर अहिंसेचं एक वचन लिहितो आणि खाली 'भगवान महावीर' किंवा 'जैन आगम' असं लिहून मोकळे होतो. मीही तेच करत होते. गेल्या वर्षी एक पालक फळ्यासमोर थांबले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, वचन छान आहे. पण हे ज्या आगमातलं आहे, तो आमच्यात मूळ ग्रंथ मानत नाहीत." ते दिगंबर जैन. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात. मी निरुत्तर झाले, कारण ते नेमकं कोणत्या ग्रंथातलं आहे हेच मला माहीत नव्हतं!

वचनाचा अर्थ असा होता : सगळ्या जीवांना जगावंसं वाटतं, मरावंसं कुणालाच वाटत नाही, म्हणून निर्ग्रंथ मुनी प्राणिवध टाळतात. नुसता मराठी अर्थ घेऊन शोधायला गेलात तर काही सापडत नाही, कारण प्रत्येकाचं भाषांतर वेगळं. आधी मूळ प्राकृत गाथेचे पहिले दोन-तीन शब्द मिळवावे लागतात. ते मिळाले की ग्रंथाच्या शेवटी असलेल्या गाथांच्या अकारविल्हे सूचीत गाथा सापडते. ही गाथा निघाली दशवैकालिक सूत्रात, सहाव्या अध्ययनात. क्रमांक कुठे १० आहे, कुठे ११. आवृत्ती बदलली की क्रमांक एखाद्याने पुढेमागे होतो, म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नका, शब्द जुळवून बघा.

गाथा सापडल्यावर तिच्या मागचापुढचा भाग जरूर वाचा. या अध्ययनात राजे, अमात्य, ब्राह्मण आणि क्षत्रिय एका आचार्यांना विचारतात की तुमचा आचार कसा असतो. उत्तरात मुनींच्या आचाराची अठरा स्थानं येतात, त्यांतलं पहिलं अहिंसेचं. म्हणजे आपण मुलांना सांगतो ते वाक्य मुळात साधूंच्या नियमांत आलेलं आहे. दशवैकालिकाचे रचनाकार म्हणून परंपरा आचार्य शय्यंभव यांचं नाव घेते. आपला मुलगा मनक याचं आयुष्य सहा महिनेच उरलं आहे हे कळल्यावर, तेवढ्यात त्याला शिकता यावं म्हणून त्यांनी हा ग्रंथ रचला, असं सांगतात. (पाठ्यक्रम आटोपशीर कसा करावा, हे यांच्याकडून शिकावं!)

आता मानतं कोण? श्वेतांबर मूर्तिपूजक ४५ आगम मानतात, स्थानकवासी आणि तेरापंथी ३२. दशवैकालिक दोन्ही याद्यांत आहे. म्हणजे श्वेतांबरांच्या तिन्ही शाखांना हा ग्रंथ प्रमाण आहे. दिगंबरांच्या जुन्या याद्यांतही दशवैकालिक हे नाव येतं, आणि गोंधळ इथेच होतो. त्यांच्या मते मूळ आगम काळाच्या ओघात लुप्त झाले आणि आज त्या नावाने उपलब्ध असलेला ग्रंथ तो मूळ ग्रंथ नव्हे. ते षट्खंडागम, कसायपाहुड, आचार्य कुंदकुंदांचे ग्रंथ प्रमाण मानतात. याचा अर्थ त्यांना त्या वचनातली अहिंसा अमान्य आहे असा मुळीच नाही. मतभेद ग्रंथाच्या जपणुकीबद्दल आहे. वर्गात हे दोन मुद्दे एकत्र झाले तर एका मुलावर विनाकारण अन्याय होतो.

गंमत म्हणजे हीच गाथा 'समणसुत्तं' या संकलनातही आहे. सर्व जैनांना मान्य होईल असं एक पुस्तक असावं ही कल्पना आपल्या विनोबांची. जिनेंद्र वर्णी यांनी संकलन केलं आणि १९७४ मध्ये, महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षात, दिल्लीत सर्व संप्रदायांचे आचार्य, मुनी, विद्वान बसले आणि त्याला संमती दिली. त्यात ७५६ गाथा आहेत. तेव्हा ग्रंथ एका बाजूचा असला तरी ही गाथा दोन्हीकडे स्वीकारली गेली आहे.

दोन्ही संप्रदायांनी पूर्वीपासून मानलेला ग्रंथच हवा असेल तर तत्त्वार्थसूत्र घ्या. प्रमादामुळे प्राण घेणं म्हणजे हिंसा, ही व्याख्या त्याच्या सातव्या अध्यायात आहे : श्वेतांबर पाठात सूत्र ८, दिगंबर पाठात १३. इथेही पाठ कोणता ते लिहावं लागतंच.

आणि हो, अहिंसेला परम धर्म म्हणणारं जे वाक्य आपण सर्रास महावीरांच्या नावावर लिहितो, ते महाभारतात आहे. जैन मंडळी ते आवडीने म्हणतात, पण खाली 'जैन आगम' लिहू नका.

काही सहकारी म्हणतात, "चौथीच्या पोरांना संप्रदाय कशाला?" माझं मत वेगळं आहे. मुलांना संप्रदाय शिकवायचे नाहीत, पण फळ्यावरची ओळ खरी हवी. यंदा मी गाथेचा अर्थ तोच ठेवला आणि खाली लिहिलं : 'दशवैकालिक सूत्र, अध्ययन ६ (श्वेतांबर आगम), समणसुत्तं या सर्वमान्य संकलनातही.' ओळ जरा लांबली, खडू थोडा जास्त गेला. त्या पालकांच्या मुलानेच ती वर्गाला वाचून दाखवली.